दोनशे गरोदर स्त्रिया, साडेचौदा लाख रुपये

रक्तातलं फेरिटिन मोजायला प्रयोगशाळेत एलायझा ही पद्धत वापरतात. त्या किटच्या खोक्यात तळहाताहून थोडी मोठी, पारदर्शक प्लॅस्टिकची एक प्लेट असते. आडव्या आठ ओळी, उभ्या बारा. असे एकूण ९६ बारीक खळगे. खोक्यावरही ‘९६ टेस्ट’ असंच छापलेलं असतं. संशोधनाचं अंदाजपत्रक पहिल्यांदाच करणारा तरुण डॉक्टर इथे सरळ भागाकार करतो. साडेचारशे नमुने आहेत, एका किटमध्ये ९६ बसतात, म्हणजे पाच किटं पुरे.

प्रत्यक्षात त्या प्लेटवर अडतीसच नमुने तपासता येतात. यंत्र रंगाची तीव्रता वाचतं. तिचं फेरिटिनच्या प्रमाणात रूपांतर करायला आधी ज्ञात प्रमाणाची द्रावणं लावावी लागतात. सात द्रावणं आणि एक कोरं, प्रत्येकी दोनदा, म्हणजे १६ खळगे तिथेच गेले. प्लेट नीट चालली की नाही हे पाहण्यासाठी दोन नियंत्रण नमुने असतात, तेही दोनदा. आणखी चार गेले. उरले ७६. आणि प्रत्येक स्त्रीचं रक्त दोन खळग्यांत घालायचं असतं, कारण पिपेट धरणारा हात जरा चुकला तरी दोन आकड्यांतल्या फरकावरून ते लगेच कळतं. ७६ भागिले दोन, अडतीस. साडेचारशे नमुन्यांना बारा किटं लागतात. प्रस्तावात पाचच मागितली असतील तर १९० नमुने तपासून होतात आणि उरलेले २६० फ्रीझरमध्ये पडून राहतात.

वैद्यकीय संशोधनाच्या अंदाजपत्रकाकडे बहुतेक जण कारकुनी काम म्हणून पाहतात. प्रस्ताव लिहून झाला, उद्दिष्टं ठरली, की शेवटच्या रात्री आकडे भरायचे. पण कोणत्या स्त्रीचं रक्त तपासलं जाईल, कोण मध्येच गळेल आणि निष्कर्षात कोणाची गोष्ट येईल, याचा बराचसा निकाल याच कागदावर लागतो. तो कसा लागतो हे एका अभ्यासाचा हिशेब पानापानाने उलगडला की दिसतं. पुढचा अभ्यास उदाहरणासाठी रचलेला आहे आणि त्यातले दर अंदाजाचे आहेत. गावोगावी, वर्षागणिक ते बदलतात. हिशेबाच्या पायऱ्या मात्र कोणत्याही संशोधन केंद्रात याच असतात.

ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना एक प्रश्न पडतो. गरोदर स्त्रियांना सरकारी लोहाच्या गोळ्या मिळतात. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्लाची ही गोळी दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, अशी १८० दिवस घ्यायची असते. तरीही काही जणींचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या वर सरकत नाही. त्यांच्यात कमतरता लोहाचीच आहे, की बी-१२ची? ही शंका हवेतली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यात कितीतरी गरोदर स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं होतं आणि त्याचे पडसाद त्यांच्या मुलांच्या आरोग्यातही दिसले होते.

आपल्या डॉक्टरांना दोनदा रक्त तपासायचं आहे: एकदा नाव नोंदवताना, चौथ्या-पाचव्या महिन्यात, आणि दुसऱ्यांदा आठव्या महिन्याच्या सुमारास. किती स्त्रिया हव्यात? हे संख्याशास्त्रज्ञ ठरवतो आणि खर्चाची पहिली चावी त्याच्याच हातात असते. निम्म्या स्त्रियांत कमतरता असेल असं धरून उत्तर सात टक्के इकडे-तिकडे चाललं, तर १९६ स्त्रिया पुरतात. तीच चूक साडेतीन टक्क्यांवर आणायची म्हटलं तर ७८४ लागतात. नेमकेपणा दुप्पट हवा असेल तर माणसं चौपट लागतात आणि रक्ताच्या नळ्यांपासून प्रवासखर्चापर्यंत सगळंच चौपट होतं. डॉक्टर सात टक्क्यांवर समाधान मानतात आणि २०० हा आकडा ठरतो.

पण दोनशे स्त्रिया शेवटपर्यंत हव्या असतील, तर सुरुवातीला जास्त घ्याव्या लागतात. वीस टक्के गळतील असा अंदाज असला की पुष्कळ जण दोनशेत चाळीस मिळवतात आणि २४० लिहितात. त्या २४०मधून वीस टक्के गेल्यावर मात्र १९२च उरतात. योग्य हिशेब म्हणजे २०० भागिले ०.८, म्हणजे २५०. पहिल्या भेटीचे २५० नमुने आणि दुसऱ्या भेटीचे २००, असे मिळून साडेचारशे होतात.

वीस टक्के गळती हा आकडा दुसऱ्या देशातल्या शोधनिबंधातून उचलला तर इथे फसतो. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर बाळंतपणासाठी माहेरी जाते. ओटीभरण झालं, डोहाळजेवण झालं, की ती तालुका सोडून, कधी जिल्हा सोडून जाते. नेमकी तेव्हाच दुसरी तपासणी असते. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातला ऊसतोडणीचा पट्टा असेल, तर दिवाळीच्या आगेमागे अख्खं कुटुंबच कारखान्याच्या फडावर हलतं. या स्त्रियांना गळालेल्या म्हणून सोडून देता येत नाही, कारण माहेरी जाणाऱ्या मुख्यतः पहिलटकरणी असतात आणि फडावर जाणाऱ्या सर्वांत गरीब. त्यांना वगळलं तर उरलेल्या दोनशे जणी वेगळ्याच गटातल्या होतात. म्हणून अंदाजपत्रकात एक छोटी ओळ हवी: चाळीस स्त्रियांच्या माहेरी किंवा फडावर जाऊन रक्त आणण्यासाठी गाडीखर्च, फेरीला सहाशे रुपये, एकूण २४ हजार. ही ओळ बहुतेक प्रस्तावांत नसते.

आता त्या स्त्रीला काय द्यायचं? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ साली नीतितत्त्वांची मार्गदर्शिका काढली. तिचं म्हणणं स्पष्ट आहे. सहभागी व्यक्तीचा प्रवासखर्च आणि बुडालेला रोज भरून द्यावा, तिच्या वेळेचा व गैरसोयीचा वाजवी मोबदला द्यावा, आणि संशोधनासाठी म्हणून केलेल्या कोणत्याही तपासणीचा खर्च तिच्यावर पडू नये. मात्र रक्कम इतकी मोठी नसावी की पैशासाठी धोका विसरून कोणी होकार देईल.

ही वाजवी रक्कम काढायला एक चांगलं माप हाताशी आहे. रोजगार हमीच्या कामाची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली आहे. रुग्णालयात दोन-तीन तासच लागले तरी शेतमजूर बाईचा तो दिवस मोडतोच. दुपारनंतर तिला कोणी कामावर घेत नाही. म्हणून मजुरी पूर्ण दिवसाची. प्रवासाला १२० रुपये धरले आहेत, कारण गरोदर बाई एकटी येत नाही. नवरा, सासू किंवा नणंद सोबत असते. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण नवऱ्याला पूर्ण लागतं, आणि वस्तीवरून एसटीच्या थांब्यापर्यंत वडापशिवाय गत नाही. वर दोघांच्या चहा-नाश्त्याचे ६८. भेटीमागे पाचशे रुपये झाले. साडेचारशे भेटींचे सव्वादोन लाख.

हिशेब तपासणारे इथे पहिला अडथळा घालतात. प्रवासाचं तिकीट कुठे आहे? वडापवाला तिकीट देत नाही. तिकिटाशिवाय पैसे नाहीत असा नियम लावला, तर एसटीच्या रस्त्यावरच्या गावांतल्या बायकांना पैसे मिळतात आणि आडगावातल्या बायकांना मिळत नाहीत. जाणती केंद्रं यावर आधीच तोड काढतात: गाव किती लांब आहे त्यावरून ठरावीक रक्कम, ती प्रस्तावातच लिहिलेली आणि मंजूर करून घेतलेली, म्हणजे पुढे तिकिटाचा प्रश्न येत नाही.

पैसे कसे द्यायचे यालाही महत्त्व आहे. यूपीआयने दिले तर मोबाईल बहुधा नवऱ्याचा असतो; पैसे तिच्या हाती पडतीलच असं नाही. रोख दिले तर व्हाउचरवर सही किंवा अंगठा लागतो. व्हाउचरवर नाव आणि अभ्यासाचं शीर्षक दोन्ही असेल, तर ते लेखा विभागातल्या चार टेबलांवरून फिरतं. रक्तक्षयाच्या अभ्यासात याने फार बिघडत नाही. एचआयव्हीच्या अभ्यासात तेच व्हाउचर त्या व्यक्तीचा आजार जाहीर करून टाकतं. म्हणून व्हाउचरवर फक्त सहभागाचा क्रमांक टाकतात आणि नाव-क्रमांकाची वही मुख्य संशोधकाच्या कुलपात ठेवतात. आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळायची. प्रत्येक भेटीचे पैसे त्याच भेटीला द्यायचे. सगळे पैसे शेवटी देण्याची पद्धत असेल तर मध्येच बाहेर पडण्याचा तिचा हक्क कागदावरच राहतो, कारण बाहेर पडलं की आधीच्या दिवसाची मजुरीही बुडते.

जास्त पैसे दिले तर काय बिघडतं? समजा, भेटीला पाच हजार ठरवले. मग निर्णय तिच्या हातून निसटतो. घरातली माणसं तिला आग्रहाने पाठवतात. अभ्यासात कोणाला घेता येणार नाही हे कळलं, तर आपण घेत असलेली इंजेक्शनं किंवा आधीचा आजार लपवण्याचा मोह होतो, आणि तिला धोका होतोच, शिवाय अभ्यासात चुकीची माहिती शिरते. पण प्रलोभनाच्या भीतीने काहीच न देणं हाही उपाय नव्हे. गरीब बाईने एका दिवसाची मजुरी पदरची घालून संशोधनाला हातभार लावायचा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. आणि तिचा परिणाम आकड्यांत दिसतो: मजुरी न भरून देणाऱ्या अभ्यासात दुसऱ्या भेटीला त्याच बायका येतात ज्यांना रोजावर जावं लागत नाही.

प्रयोगशाळेचा वाटा सर्वांत मोठा. आपल्या अभ्यासात चार तपासण्या आहेत: हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन, सीआरपी आणि बी-१२. सीआरपीचा रक्तक्षयाशी थेट संबंध नाही, त्यामुळे पैसे कमी पडले की आधी कात्री तिलाच लागते. साडेचारशे तपासण्यांचे, दीडशे रुपयांप्रमाणे, साडेसदुसष्ट हजार वाचतात. पण फेरिटिनची एक खोड आहे. अंगात कुठेही संसर्ग किंवा दाह असला की ते वाढतं. लोहाचा साठा संपलेल्या बाईला त्या दिवशी खोकला-ताप असेल तर तिचं फेरिटिन चांगलं दिसतं आणि तिची गणना ‘लोह पुरेसं’ या रकान्यात होते. सीआरपी सोबत असलं की असे आकडे ओळखून वेगळे काढता येतात. ते वगळलं तर फेरिटिनवर केलेल्या जवळपास दोन लाखांच्या खर्चाचा भरवसा उरत नाही.

फेरिटिनची बारा किटं आणि एक जास्तीचं, कारण काही प्लेटा पुन्हा लावाव्याच लागतात. पंधरा हजारांप्रमाणे तेरा किटांचे १ लाख ९५ हजार. ती एकदम मागवायची नाहीत, कारण त्यांची मुदत वर्षभरात संपते. आणि दर महिन्याला एकेकही मागवायची नाहीत, कारण वेगवेगळ्या बॅचच्या किटांचे आकडे थोडे वेगळे येतात. मधला मार्ग म्हणजे नमुने गोठवून ठेवायचे आणि मोठ्या खेपांत तपासायचे. त्यासाठी फ्रीझर हवा, वीज गेली तर त्याला आधार हवा, आणि रक्त काढल्यावर ते वेळेत फिरवून सीरम वेगळं करणारी सिस्टर हवी. नळीत रक्त जोरात ओढलं किंवा नळी जोरात हलवली की तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम पिवळसर दिसण्याऐवजी गुलाबी होतं. असा नमुना बाद धरून पुन्हा रक्त घ्यावं लागतं. म्हणजे नळ्या, सुया आणि त्या बाईची एक फेरी, तिन्हींचा खर्च वाढतो.

बी-१२सुद्धा असंच गोठवून शेवटी तपासायचं, असं पहिल्या मसुद्यात होतं. एथिक्स कमिटीत असा प्रस्ताव गेला की एक प्रश्न हमखास येतो. एखादीचं बी-१२ फार कमी असेल तर ते तिला कधी कळणार? उत्तर असतं: वर्षभराने, बाळंतपण होऊन गेल्यावर. फेरिटिनच्या बाबतीत हा उशीर चालतो, कारण तिचं हिमोग्लोबिन त्याच दिवशी कळतं आणि लोहाची गोळी तिला मिळतच असते. बी-१२च्या बाबतीत मात्र संशोधकाच्या फ्रीझरमध्ये माहिती पडून आणि बाईवर उपचार नाहीत, अशी स्थिती येते. म्हणून बी-१२ ताबडतोब, रुग्णालयाच्या स्वयंचलित यंत्रावर करायचं ठरतं. पाचशे रुपयांप्रमाणे साडेचारशे तपासण्यांचे सव्वादोन लाख होतात. किटांनी केलं असतं तर १ लाख ९५ हजार लागले असते. फरक तीस हजारांचा. प्रश्न वेळेवर विचारला गेला नसता तर ही तीस हजारांची बचत दिसायला शहाणपणाची वाटली असती.

त्यातून दुसरा खर्च उभा राहतो, तो उपचारांचा. कमतरता कळली की बी-१२ द्यायचं. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर शिरेतून लोह द्यायला किंवा वरच्या रुग्णालयात पाठवायला हवं. त्यासाठी ४० हजार राखून ठेवले. नळ्या-सुयांचे ३६ हजार आणि नमुन्यांची ने-आण व थंड साखळीचे २४ हजार धरून प्रयोगशाळेचा आकडा ६ लाख १५ हजारांवर जातो.

नवऱ्याकडून किंवा रुग्णालयाच्या बिलातून यातला एकही रुपया वसूल होता कामा नये. गरोदरपणात एरवीही होणारी हिमोग्लोबिनची तपासणी रुग्णालय आपल्या खर्चाने करतच असेल, तर ती संशोधनात वापरता येते. पण ‘एरवीही झालीच असती’ हे प्रामाणिकपणे सांगता यायला हवं. बी-१२ नेहमीच्या तपासणीत नसताना ते केसपेपरवर लिहून बाहेरच्या लॅबला पाठवणं, आणि पैसे बाईच्या घरच्यांनी भरणं, हा संशोधनाचा खर्च रुग्णाच्या गळ्यात घालण्याचा सर्वांत सर्रास प्रकार आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना बहुधा कोणाचंही अनुदान नसतं, त्यामुळे तिथे हा मोह अधिक होतो.

एथिक्स कमिटीचं शुल्क हा अंदाजपत्रकातला सर्वांत गैरसमजाचा आकडा असावा. कित्येकांना वाटतं की हे मंजुरीचे पैसे. तसं नाही, शुल्क प्रस्ताव वाचण्याचं असतं आणि कमिटीने नकार दिला तरी ते परत मिळत नाही. आयसीएमआरच्या मार्गदर्शिकेप्रमाणे कमिटीत सात ते पंधरा सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचे, निम्मे सदस्य बाहेरचे. डॉक्टरांसोबत कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा अभ्यासक आणि एक सामान्य नागरिकही लागतो. बाहेरून येणाऱ्यांचा प्रवास, मानधन, कागदपत्रं वर्षानुवर्षं जपून ठेवणं, यासाठी हे पैसे लागतात. संस्थेच्या विद्यार्थ्यांना बहुधा नाममात्र किंवा माफ, आणि औषध कंपन्यांच्या प्रस्तावांना कितीतरी जास्त, अशी रचना सर्वसाधारणपणे दिसते. आपल्या अभ्यासासाठी प्रस्तावाचं, दर वर्षीच्या फेरतपासणीचं आणि मध्ये काही बदल केल्यास त्याचं मिळून दहा हजार धरले.

त्याच्या दुप्पट रक्कम मराठी कागदांना लागते. माहितीपत्रक आणि संमतीपत्रक इंग्रजीतून मराठीत आणायचं, दुसऱ्या कोणाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून अर्थ ढळला नाही ना हे पाहायचं, आणि मग प्रत्येक बाईसाठी दोन प्रती छापायच्या, एक तिच्या हातात राहील अशी. वीस हजार. हा खर्च वाचवायला जे भाषांतर होतं ते वाचवत नाही. ‘शिरेतून पाच मिली रक्त’ म्हणजे नेमकं किती, तर एक चमचा. हे लिहिलेलं नसलं की बाई घाबरून निघून जाते, किंवा न समजता अंगठा उठवते.

मंजुरीआधी एकाही बाईचं रक्त घेता येत नाही. इथे शुल्कापेक्षा वेळ महाग पडतो. अनुदान मंजूर झालं, सिस्टर नेमली आणि कमिटीच्या शंकांना उत्तरं देण्यात तीन महिने गेले, तर महिना २२ हजारांप्रमाणे ६६ हजार रुपये एकही नमुना न घेता संपतात. आणि ही सिस्टर अभ्यासाचा कणा असते. बायकांना समजावणं, रक्त काढणं, आशाताईंना फोन करून माहेरचा पत्ता काढणं, सगळं तीच करते. अठरा महिन्यांचा तिचा पगार ३ लाख ९६ हजार. प्रयोगशाळेखालोखाल हाच मोठा खर्च, आणि अनुदान कापताना ‘रुग्णालयाच्याच सिस्टरकडून करून घ्या’ म्हणत सहसा हाच कापला जातो. वॉर्डातल्या सिस्टरवर हे काम टाकलं की पहिल्याच गर्दीच्या सोमवारी दुसऱ्या भेटीची यादी मागे पडते.

आकड्यांच्या विश्लेषणाला आपल्या अंदाजपत्रकात ६५ हजार आहेत. सॉफ्टवेअरवर त्यातला एक रुपयाही नाही. ‘आर’ ही प्रणाली फुकट मिळते. माहिती भरण्यासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं ‘एपि इन्फो’ही फुकट आहे. खर्च होतो तो माणसांवर. साडेचारशे फॉर्म दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी, एकमेकींचं न पाहता, संगणकात भरायचे आणि मग दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. १०.२ हिमोग्लोबिनऐवजी १०२ भरलं गेलं तर ते एकाच नोंदीतही सापडतं, कारण तसं हिमोग्लोबिन माणसाला असू शकत नाही. १०.२ऐवजी १२.० भरलं गेलं तर सापडत नाही. रक्तक्षय असलेली बाई निरोगी ठरते आणि कोणालाच संशय येत नाही. ती चूक फक्त दुहेरी नोंदीत उघडी पडते. वीस रुपये फॉर्मप्रमाणे त्याचे अठरा हजार, आणि माहितीच्या सुरक्षित दुसऱ्या प्रतीसाठी सात हजार.

उरलेले चाळीस हजार संख्याशास्त्रज्ञाचे. ते त्याला कधी द्यायचे, यावर फार काही अवलंबून आहे. १९३८ साली कोलकात्यात भरलेल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत रोनाल्ड फिशर यांनी बजावलं होतं की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदनाला बोलावणं. प्रयोग कशाने मेला एवढंच तो सांगू शकेल. आपल्या अभ्यासातच याचा दाखला आहे. बी-१२ कमी असलेल्या बायकांना उपचार द्यायचे ठरले, म्हणजे दुसऱ्या भेटीला त्यांचं बी-१२ वाढलेलं असणार. सगळ्यांचे आकडे एकत्र घातले तर ‘लोहाच्या गोळ्यांनीच सगळ्यांचं भागलं’ असा उलटा निष्कर्ष निघू शकतो. कोणाला, कोणत्या तारखेपासून, किती बी-१२ दिलं, याचा रकाना फॉर्ममध्ये पहिल्या दिवसापासून हवा. तो आधी सुचवणारा माणूस अंदाजपत्रकाच्या सुरुवातीलाच पैसे देऊन बसवलेला असावा लागतो.

सगळी बेरीज १३ लाख ९५ हजार होते. संस्थेचा वाटा आणि अनपेक्षित खर्च म्हणून त्यावर पाच टक्के धरले की १४ लाख ६४ हजार ७५०. औषधाची चाचणी असती तर यात विम्याची मोठी भर पडली असती, कारण नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९च्या नियमांनुसार इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई देणं बंधनकारक आहे. इथे कोणतंही नवं औषध नाही, फक्त रक्त घ्यायचं आहे, तरीही सुई टोचलेल्या जागी काही झालं तर उपचार मोफत, हे माहितीपत्रकात लिहावंच लागतं.

पैसे मंजूर झाले तरी ते हाती एकदम येत नाहीत. सरकारी अनुदान हप्त्याने येतं आणि पुढच्या हप्त्यासाठी आधीच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, सगळे ज्याला ‘यूसी’ म्हणतात ते, द्यावं लागतं. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. गरोदरपण त्या तारखेला थांबत नाही. जानेवारीत नाव नोंदवलेल्या बाईची दुसरी भेट मेमध्ये येते. मार्चमध्ये खर्च दाखवण्याच्या घाईत किटं आणि खुर्च्या विकत घेतल्या जातात, आणि मेमध्ये तिला द्यायचे पाचशे रुपये नव्या हप्त्याची वाट पाहत अडकतात. एका हेडातले पैसे दुसऱ्या हेडात वळवायला परवानगी लागते, तिलाही वेळ लागतो. काही संशोधक अशा महिन्यांत बायकांचे पैसे खिशातून देतात आणि नंतर वसुलीसाठी हेलपाटे घालतात. मंजुरीच्या वेळीच सहभागींच्या मोबदल्यासाठी वेगळी अग्रिम रक्कम मागून घेतलेल्या केंद्रांवर ही वेळ कमी येते.

अंदाजपत्रक कुठे तोकडं पडलं हे बाहेरच्या वाचकालाही शोधता येतं. प्रसिद्ध शोधनिबंधात एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक तपासणीपुढे ती किती जणींची झाली हे छापलेलं असतं. हिमोग्लोबिन २००, बी-१२ १९६ असं दिसलं तर चार नमुने खराब झाले असतील. हिमोग्लोबिन २०० आणि फेरिटिन ११२ असं दिसलं, तर बहुधा किटं संपली होती. मग त्या ११२ कोण होत्या, आधी आलेल्या की सोयीच्या गावांतल्या, हे पुढच्या मजकुरात सापडतं का ते पाहावं. पहिल्या भेटीला २५० आणि दुसऱ्या भेटीला १४० असतील, तर गळालेल्या ११० जणींचं वय, कितवं बाळंतपण आणि कामाचा प्रकार राहिलेल्यांपेक्षा वेगळा होता का, याचा छोटा तक्ता चांगल्या निबंधात असतो. आणि ज्या बाईला अशा अभ्यासात यायला सांगितलं जातं, तिच्या हातातल्या दोन पानी मराठी माहितीपत्रकात कोणती तपासणी मोफत, दर भेटीला किती रुपये व कधी, तपासणीचं उत्तर कधी कळणार, आणि तक्रार असेल तर एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांचा कोणता फोन नंबर, या चारही गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात. त्यातली एखादी नसली तर सही करण्याआधी ती सिस्टरला विचारू शकते, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबू शकते.